मीटरचं बिनदुधी विरजण

तर झाकण उघडलं, आणि मीटरने आत पाहून तोंड असं केलं की पातेल्यात उंदीर पोहतोय असं मला वाटलं. काल मी इथवर आलो होतो आणि तुमच्यातल्या कुणीतरी जांभई दिली, म्हणून थांबलो. आज जांभया बाहेर ठेवून बसा.

पातेल्यात उंदीर नव्हता, नारळाचं दूध होतं. दहा तास उबेत गुंडाळून ठेवलेलं. वास आंबूस, चव आंबट, म्हणजे विरजण लागलं होतं यात शंका नाही. पण दही म्हणावं असं त्यात काही नव्हतं. वर साईचा जाड थर आणि खाली पाणचट पांढरं. पळी घालून उचलली तर धार लागली. मीटरने ती धार डोळ्यांसमोर धरली, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "पाणी घातलंय त्याने."

"कुणी?"

"नारळवाल्याने. दुसरं कोण?"

आता हा मीटर कोण ते सांगतो, कारण काल नसलेली मंडळीही आज आहेत. मीटर म्हणजे माझा जुना दोस्त, पस्तीस वर्षं दुधाच्या दुकानात बसलेला माणूस. सकाळी दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाच्या कॅनमध्ये तो काचेचा लॅक्टोमीटर बुडवायचा. कांडी किती बुडते यावरून दुधात पाणी आहे की नाही ते कळतं. ती कांडी कायम सदऱ्याच्या खिशात. म्हणून नाव पडलं मीटर. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा आठवावं लागतं. संशय त्याच्या अंगातच मुरलेला. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेला, सासूने कौतुकाने दुधाचा पेला पुढे केला, तर या गृहस्थाने पेला उजेडात धरून विचारलं, "कुणाकडून घेता?" वहिनी, म्हणजे त्याची बायको, ही गोष्ट अजून सांगते आणि प्रत्येक वेळी नव्याने चिडते.

दुकान पुढच्या बाजूला. मागे एक लांबट खोली, पूर्वी तिथे रिकामे कॅन ठेवायचे. ती खोली आता मीटरच्या सुनेची. सून आधी खाण्याच्या वस्तू तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती. ती नोकरी सोडून तिने या खोलीत बिनदुधाचं दही लावायला सुरुवात केली, कारण कोपऱ्यावरच्या मुलांच्या दवाखान्यात अशी पोरं यायची ज्यांना दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे नुसतं पोट फुगणं नव्हे. दुधाचा थेंब गेला तरी अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे, एखाद्याचा श्वास अडकायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी दहा-बारा घरं या खोलीकडे पाठवली होती. त्या घरांतल्या आया सुनेच्या शब्दावर डबा न्यायच्या. दुसरा आधार त्यांना नव्हता आणि सुनेलाही त्यांच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

मुलगा परगावी नोकरीला. तेव्हा सुनेच्या हाताखाली कोण? सासरा! ज्याने जन्मभर दूध विकलं तो बिनदुधाचं दही लावायला बसला. मला यात फार मजा वाटायची. मी रोज चहाचा पेला घेऊन त्या दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर बसायचो.

तर नारळवाला. मीटरने त्याला बोलावून घेतला. तो बिचारा सायकलवरून घामाघूम येतो तोच मीटरने खिशातून कांडी काढली आणि नारळाच्या दुधात सोडली. कांडी डुबुक करून खाली गेली. पाण्याची जी खूण असते तिच्याही खाली!

"बघ!" मीटर गरजला. "पाण्यात बुडते त्याहून जास्त बुडाली. म्हणजे तू निव्वळ पाणी विकतोस!"

नारळवाला म्हणाला, "मालक, पाण्यापेक्षा जास्त पाणी मी आणू तरी कुठून?"

मी हसलो, तसा मीटरने मलाही संशयितांत धरलं. एवढ्यात सून मागून आली. "बाबा, ती कांडी गायीच्या दुधासाठी आहे. नारळाच्या दुधात तेल भरपूर. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून कांडी खोल जाते. नारळवाल्या काकांनी पाणी घातलेलं नाही."

"मग जमलं का नाही?"

"जमायला जाळं लागतं ना. गायीच्या दुधात प्रथिनं असतात. दूध आंबलं की ती एकमेकांना धरतात आणि जाळं होतं. त्या जाळ्यात पाणी अडकलं की त्याला आपण दही म्हणतो. नारळात तेल आहे, प्रथिनं नावाला. आंबेल, पण धरणार कुणाला कोण? त्याला आपणच आधार द्यायचा. साबुदाणा ज्या कंदाचा करतात त्याचं पीठ घालून आधी शिजवायचं, दाट करायचं, कोमट झालं की मग विरजण."

"म्हणजे खळ," मीटर म्हणाला. "दही नव्हे, खळ."

"खळ तर खळ. पोरांना चालते."

नारळवाल्याची सुटका झाली. पण जाताना त्याने पाणी मागितलं आणि मीटरने तो पेलाही उजेडात धरून पाहिला.

सोयाचं मात्र मीटरला पटलं. सोयाबीन भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, आणि मग वीस मिनिटं चांगलं खळखळ उकळायचं. न उकळलेल्या सोयाला कच्च्या शेंगेचा वास येतो आणि ते पोटालाही बाधतं. त्या दुधात प्रथिनं गायीच्या दुधाइतकीच. जमतं, आणि भराभर जमतं. गायीचं दूध चांगलं आंबट होईपर्यंत थांबतं. सोयाचं जरा आंबलं नाही की थिजलं. म्हणून चव सौम्य असतानाच डबा हलत नाही, आणि माणसाला वाटतं, झालं. पण तास-दोन तास जास्त ठेवलं की तडकतं, कडेने पाणी सुटतं, आणि चमच्याने ढवळलं तर चुरा होतो. साईचं दही जसं लवतं तसं हे लवत नाही. मीटर म्हणायचा, "हे दही मानी आहे. वाकणार नाही, मोडेल." त्याला तसली माणसं आवडायची, म्हणून दहीही आवडलं.

भांडण झालं विरजणावरून.

सुनेकडे फ्रीजमध्ये छोट्या पुड्या होत्या. पांढरी भुकटी, चिमूटभर. ती तिने शोधून आणली होती, कारण बाजारातल्या बऱ्याच विरजणाच्या भुकट्यांत भर म्हणून दुधाचीच साखर किंवा दुधाची पावडर असते. हिच्या पुडीत तसलं काही नव्हतं. तिचं म्हणणं, दर दोन-तीन घाण्यांनी नवी पुडी फोडायची. मीटरचं म्हणणं, विरजण म्हणजे वंश. कालच्या दह्यातलं आज, आजच्यातलं उद्या. त्याच्या दुकानातलं दही वीस वर्षं एकाच विरजणावर चाललेलं.

"पुडीतून वंश चालतो होय?" तो मला विचारायचा.

सून समजवायची. "बाबा, विरजणात दोन जातीचे जीव असतात. जोडीने काम करतात. गायीच्या दुधात दोघांनाही दुधाची साखर मिळते. सोयात ती नाही, दुसरी साखर आहे. एकाला ती मानवते, दुसऱ्याला फारशी नाही. चार-सहा वेळा पुढे चालवलं की एक माजतो, दुसरा उपाशी मरतो. मग जोडी फुटते."

"संसार आहे, चालायचंच," मीटर म्हणाला, आणि वहिनीने पलीकडच्या खोलीतून भांडं आदळलं.

सून सकाळी डबे पोचवायला आणि दवाखान्यात जायची, तेव्हा विरजण लावायचं काम मीटरवर सोपवलं गेलं. अंगावर वेगळा एप्रन, वेगळ्या पळ्या, प्रत्येक भांड्याला निळी पट्टी. दुकानातून या खोलीत येताना हात साबणाने दोनदा धुवायचे हा नियम मीटरने स्वतः केला. मी साक्षीदार आहे, तो कोपरापर्यंत धुवायचा. बोटाने कोमट-गरम बघायची जुनी सवयसुद्धा त्याने सोडली आणि सुनेची उष्णता मोजायची नळी वापरू लागला, तीही नळीवर विश्वास नसल्यामुळे दोनदा बुडवून. डोळ्यांत तेल घालून काम. एक नवी पुडी फोडून त्याने वंश सुरू केला आणि नेटाने चालवला.

सहाव्या घाण्याला दही उशिरा जमलं. सातव्याला आणखी उशिरा. आठव्याला सकाळचं लावलेलं संध्याकाळपर्यंत ताकासारखं, वर पाणी, आणि कच्च्या शेंगेचा वास. सुनेने डब्यात नाक घातलं आणि म्हणाली, "बाबा, नवी पुडी फोडा."

"बघतो," मीटर म्हणाला.

तुम्हाला सांगतो, जो माणूस "बघतो" म्हणतो त्याच्यावर पाळत ठेवावी. मी ठेवली नाही, हा माझा गुन्हा. दुसऱ्या दिवशी त्याने हिरव्या मिरच्यांची देठं आणवली. ही युक्ती तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. देठावरही ते जीव बसलेले असतात. देठं घातलेलं दही एक दिवस बरं लागलं, दुसऱ्या दिवशी तार धरून आलं. चमचा उचलावा तर शेंबडासारखी दोरी. देठावर कोण बसलंय याचा नेम नाही ना! मीटरने तो घाणा स्वतः मोरीत ओतला आणि सून यायच्या आत भांडं घासून ठेवलं. ताकास तूर लागू दिली नाही.

आणि मग, त्यानंतरच्या घाण्याला चमत्कार झाला.

पाच तासांत दही जमलं. पांढरंशुभ्र, घट्ट, सुरीने कापावं असं. चव अशी की मी दुसरा चमचा मागितला, आणि मी मागतो याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. आठवडाभर तसंच. आया खूष. एक जण म्हणाली, पोरगी वाटी चाटून पुसून ठेवते.

फक्त सून खूष नव्हती. ती डबा हातात धरून वळवून बघायची. "काका, हे जास्तच चांगलं होतंय," ती मला म्हणाली.

"अगं, चांगलं झालं तर त्यात वाईट काय?"

"बाबांना विचारलं काय केलंत, तर म्हणतात, नवं विरजण. एवढंच."

मला वाटलं, हिलाही सासऱ्याची लागण झाली.

मंगळवारी दुपारी डॉक्टरबाईंचा फोन आला. पाच वर्षांची एक मुलगी, तीच वाटी चाटणारी, दही खाऊन अर्ध्या तासात दवाखान्यात आली होती. ओठ सुजलेले, गळ्यावर आणि पाठीवर गांधी, घशात घरघर. इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत ठीक झाली. पण डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं: "तुमच्या डब्यात दूध आहे. कुठून आलं ते सापडेपर्यंत एकही डबा बाहेर जाणार नाही. आणि सापडलं नाही, तर मी पुन्हा कुणालाही तुमच्याकडे पाठवणार नाही."

सुनेने फोन ठेवला आणि तशीच स्टुलावर बसली. मग उठून घरोघर फोन केले: डबे उघडू नका, उघडले असतील तर फेका. प्रत्येक फोननंतर तिचा आवाज बारीक होत गेला. पलीकडून काय बोललं जात होतं ते ऐकू येत नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

आणि मीटर? मीटर पेटला. त्याच्या खोलीत, त्याच्या डोळ्यांदेखत, भेसळ! पस्तीस वर्षांत त्याच्या दुकानात जे कुणी करू धजलं नाही ते इथे झालं! त्याने मधल्या उंबऱ्यावर खुर्ची टाकली आणि चौकशी सुरू केली.

पहिली भांडी घासणारी मावशी. "दोन्हीकडची भांडी एकाच घासणीने घासलीस?"

"तुम्हीच निळी घासणी आणून दिलीत की! वर तिला दोरी बांधलीत खिळ्याला, मी पळवीन म्हणून."

खरं होतं. घासणी खिळ्याला बांधलेली होती.

दुसरी वहिनी. ती दुकानात दूध तापवते. "तू पळी घेऊन इकडे आली होतीस?"

"मी? तुमच्या त्या देवळात मला पाय ठेवायची बंदी आहे! तुम्ही स्वतः विचारा स्वतःला."

"मी विचारलंय. मी साफ आहे."

"मग तुमच्या दोस्ताला विचारा. रोज दुधाचा चहा घेऊन उंबऱ्यावर बसतो तो कोण?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे! आणि माझ्या हातात, काय सांगू, चहाचा पेला. मी तो पाठीमागे घेतला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मीटर उठला, माझ्यासमोर उभा राहिला, पन्नास वर्षांची दोस्ती, आणि म्हणाला, "सांड-लवंड केलीस का रे? खरं सांग. एखादा शिंतोडा?"

"अरे, मी उंबऱ्याच्या अलीकडे बसतो!"

"फुंकर मारतोस पिताना. दुधाने तोंड पोळल्यासारखा."

त्या क्षणी मला स्वतःचीच शंका आली. फुंकरीने शिंतोडा किती लांब जातो, हे मी मनात मोजू लागलो. तीन दिवस मी त्या घरात चहा घेतला नाही. वहिनी मला पाहत नव्हती, मावशी वहिनीला पाहत नव्हती, आणि मीटर सगळ्यांना पाहत होता. एकटी सून कुणालाच काही विचारत नव्हती, आणि तेच जास्त भीतीचं होतं.

तिसऱ्या दिवशी तिने जुन्या प्रयोगशाळेतून पट्ट्यांचा डबा आणला. कागदाच्या बारीक पट्ट्या, द्रवात बुडवायच्या. दुधाचं प्रथिन नसेल तर एक रेघ उमटते, असेल तर दोन. बंद पडलेल्या खोलीत तिने टेबल पुसलं, वाट्या मांडल्या, आणि आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे राहिलो, वर्गात निकाल लागावा तसे.

ताजं उकळलेलं सोयाचं दूध. एक रेघ.

भांड्यांचं धुवण. एक रेघ. मावशीने नाकातून श्वास सोडला.

गाळायचं फडकं, पळ्या. एक रेघ. वहिनीने पदर सारखा केला.

उंबऱ्याजवळची फरशी ओल्या बोळ्याने पुसून त्याचं पाणी. एक रेघ. हा तपास खास माझ्यासाठी होता. मी मीटरकडे असं पाहिलं, असं पाहिलं की काय सांगू.

न फोडलेल्या पुडीतली भुकटी. एक रेघ.

आणि त्या मंगळवारचा मागे राखून ठेवलेला डबा. दोन रेघा. ठळक.

"म्हणत होतो ना मी!" मीटर ओरडला. "कुणीतरी घातलंय! उकळल्यानंतर आणि जमायच्या आधी घातलंय!"

"हो," सून म्हणाली. "आणि त्या मधल्या वेळात त्यात फक्त विरजण जातं. बाबा, एक विचारू? नवी पुडी फोडा म्हटलं त्या दिवशी फ्रीजमध्ये जितक्या पुड्या होत्या तितक्याच आजही आहेत. तुम्ही नवी फोडलीच नाहीत."

मीटर गडबडला नाही. उलट त्याला बरं वाटलं असावं, की आता हा प्रश्नही कायमचा मिटेल. तो फ्रीजकडे गेला, मागच्या कप्प्यातून एक काचेची बाटली काढली आणि ताठ मानेने टेबलावर ठेवली. "घे. माझंही तपास. संशय कुणावर राहायला नको, माझ्यावरही नको. आठवडाभर मी हेच घातलंय, आधी चमचाभर, मंगळवारी जरा सढळ हाताने. आणि बघ, पांढऱ्याचा कण सापडतो का."

बाटलीत होतं हिरवट-पिवळं स्वच्छ पाणी. पलीकडचं कॅलेंडर त्यातून दिसत होतं.

सुनेने एक थेंब वाटीभर पाण्यात टाकला, पट्टी बुडवली. आम्ही वाकलो. पहिली रेघ आली. मग, पाण्यात बुडालेलं काही वर यावं तशी, दुसरी आली.

वहिनीच्या खोलीतलं दूध उतू गेलं आणि तिला कळलंही नाही.

"हे काय आहे, बाबा?"

"निवळी."

"कशाची?"

"दह्याची. दही ठेवल्यावर वर सुटते ना, ती. तीन पदरी फडक्यातून गाळलीय मी. चार वेळा."

"कुठल्या दह्याची?"

मीटरने पहिल्यांदा खाली पाहिलं. "आपल्या दुकानातल्या."

"गायीच्या."

"अगं, पण दही कुठे घातलंय मी? दही नाही, दूध नाही, साय नाही! दूध म्हणजे पांढरं. पांढरं सगळं वर फडक्यात राहिलं. खाली आलं ते पाणी. दुधातलं पाणी म्हणजे काय दूध? मी जन्मभर तेच तर वेगळं करत आलो!"

आता ऐका, यात लबाडी नव्हती. दूधवाल्याच्या डोक्यात विरजण ही वस्तू कधी मोजलीच जात नाही. शंभर लिटरला विरजण किती, तर चमचा. आणि त्यातही त्याने पांढरं गाळून काढलेलं. त्याच्या हिशेबी तो सर्वांत कडक सोवळ्यात होता.

सुनेचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "बाबा, दुधात दोन तऱ्हेची प्रथिनं असतात. एक जमतं, ते तुमचं पांढरं. दुसरं जमत नाही, ते पाण्यातच विरघळून राहतं, निवळीत. डोळ्यांना दिसत नाही, फडक्यात अडकत नाही. आणि पुष्कळ पोरांना नेमकं तेच बाधतं. जिवंत जीव त्यात भरपूर, म्हणून दही इतकं छान जमत होतं."

मीटर खुर्चीवर बसला. त्याच चौकशीच्या खुर्चीवर. बाटलीला बूच लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू चहा पी रे." एवढंच. माफी म्हणाल तर ती तेवढीच मिळाली, पण मला पोचली.

वहिनीने मात्र व्यवहार मांडला. "कशाला सांगायचं कुणाला? पुडीत खोट होती म्हणा. पुडीवाला कुठे येतोय विचारायला?"

मावशीनेही मान हलवली. खरं सांगतो, मलाही ते बरं वाटलं होतं. सुनेने सासऱ्याकडे पाहिलं. खोली तिची, पण तोंड त्याचं होतं. काय सांगायचं ते त्यालाच ठरवू दे असा तिचा चेहरा.

"पुडीवाल्याने पाणी घातलेलं नाही," मीटर म्हणाला. तो उठला, सदरा बदलला आणि दवाखान्यात गेला. डॉक्टरबाईंना त्याने बाटली दाखवली, फडकं दाखवलं, किती चमचे घातले ते सांगितलं. त्यांनी म्हणे बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, दुधाचं दुकान आणि ही खोली यांच्यात भिंत पक्की करा, विरजण फक्त पुडीतलं, दर घाण्याला नवं, आणि प्रत्येक घाण्याची पट्टी जपून ठेवा. मग बघू.

दार बुजवून भिंत झाली. माझा उंबरा गेला. मी आता रस्त्याच्या बाजूच्या पायरीवर बसतो. दही पहिल्यासारखं सुरीने कापावं असं होत नाही. आठ तास लागतात, चव मवाळ, कडेला थोडं पाणी. ते तसंच असायचं, हे आता सगळ्यांना पटलंय. नारळाची खळही बरी जमते. दोन आठवड्यांनी सात घरं परत आली. तीन आली नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

ती पाच वर्षांची मुलगीही परत येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तिची आई एकटीच आली, रिकामा डबा घेऊन. सून आत होती, पायरीवर मीटर आणि मी. बाईने आधी मलाच मालक समजून रागाने पाहिलं, मग मीटरकडे वळली.

"निवळी घालणारे तुम्हीच ना?"

"मीच."

"माझी पोरगी त्या दिवशी माझ्या मांडीवर घरघरत होती. मी तुमच्या सुनेच्या शब्दावर डबा नेत होते. आता तुम्ही सांगा, मी कुणाच्या शब्दावर नेऊ?"

मला वाटलं, आता तो पस्तीस वर्षं काढील, आपली इमानदारी काढील. तो उठून उभा राहिला, डबा तिच्या हातातून घेतला नाही, आणि म्हणाला:

"बाई, शब्दावर नेऊ नका, कुणाच्याच नाही आणि माझ्या तर मुळीच नाही. माझाही माझ्या डोळ्यांवर फार विश्वास होता. आत चला, तुमच्या हाताने पट्टी बुडवा, तुमच्या डोळ्यांनी रेघ बघा. आणि एक रेघ आली तरी आज घरी नेऊ नका, आधी डॉक्टरबाईंच्या समोर पोरीला अर्धा चमचा देऊन बघा, मी दवाखान्याबाहेर बाकावर बसतो."